बासरीचा वरचा पंचम सॅच्युरेशनमध्ये खरखरतो, खालचे सूर मात्र स्वच्छ. ओव्हरसॅम्पलिंगनं जाईल काय?

जांबोटीकर · शनिवार, रात्री ११:४०

गावच्या भजनी मंडळाचे पाच अभंग घरीच रेकॉर्ड करतोय. रीपर, दोन माइक, प्रोजेक्ट ४४१०० चा. पखवाज, पेटी, टाळ आणि गाणं झालं, आता एका अभंगात मधल्या जागा लहान बासरीनं भरल्यात. बासरी जरा कोरडी वाटली म्हणून तिच्यावर टेप सॅच्युरेशनचा एक प्लगइन टाकला. मध्य सप्तकात झकास. गरम, भरीव, पाहिजे तसं.

खरं तार सप्तकात गेलं की पंचमावर आवाजात वाळू मिसळल्यासारखं होतंय. मोठ्यानं नव्हे, खालून कुणीतरी कागद चुरगाळतंय असं. प्लगइन बंद केला की सूर स्वच्छ. गंमत म्हणजे पंचमाच्या जरा वर, धैवताकडं जाताना मध्येच एका जागी खरखर नाहीशी होते आणि परत येते. बासरी वाजवणारा पोरगा म्हणतो माझी फुंक बरोबर आहे, तुझा कॉम्प्युटर बिघडलाय.

प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग म्हणून १, २, ४, ८ असा एक पर्याय आहे. सध्या १ वर आहे. ते वाढवलं की लॅपटॉपचा पंखा ओरडतो म्हणून हात लावला नव्हता. हे त्याच्यामुळंच असेल काय?

दहा सेकंदांची क्लिप जोडली आहे.

---

रेकॉर्डिंगवाले काका · शनिवार, रात्री ११:५८

टिळकवाडीत चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनपासून हे काम करतोय, म्हणून सांगतो. वरच्या सुरांत खरखर म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त झाल्या. सॅच्युरेशन काय करतं, हार्मोनिक वाढवतं. बासरीचा सूर आधीच उंच, त्याचे हार्मोनिक आणखी उंच, ते कानाला टोचतात. प्लगइननंतर एक ईक्यू टाक आणि ८००० च्या वरचं सगळं हळूहळू उतरव. ओव्हरसॅम्पलिंग वगैरे प्लगइन विकणाऱ्यांची भाषा आहे. आमच्या मशीनला कुठं होतं ओव्हरसॅम्पलिंग?

---

जांबोटीकर · रविवार, सकाळी ७:१५

काका, करून बघितलं. ८००० च काय, ५००० वर कापलं तरी वाळू तिथंच आहे. बासरी मात्र घोंगडीखाली गेल्यासारखी झाली.

---

कर्णा आणि मंडप · रविवार, सकाळी ८:३०

आमचंपण हेच. चिकोडी भागात जत्रेला कर्णे लावतो. बाई वरच्या पट्टीत गायला लागल्या की कर्ण्यातून चिरचिर येते. लोक म्हणतात मशीन बदला. कर्ण्याचं युनिट बदललं, वायर बदलली, तरी तेच. हे ओव्हरसॅम्पलिंग कुठल्या दुकानात मिळतं? अॅम्प्लिफायरला लावता येतंय काय?

---

निपाणी गिटार · रविवार, सकाळी १०:०५

कर्णावाले दादा, ते लावायची वस्तू नाही हो :)

जांबोटीकर, हे एलियासिंग आहे, सरळ केस आहे. ४४१०० वर रेकॉर्ड केलंस तिथंच चुकलं. ९६००० वर परत रेकॉर्ड कर, सगळं साफ होईल. मी तर गिटार कायम ९६००० वरच घेतो. ओव्हरसॅम्पलिंग मी पण वापरत नाही. अॅम्प सिम्युलेटरला ८ पट केलं की वाजवताना टकटक येते, म्हणजे उलट आणखी खरखर वाढते.

---

शहापूरची लेक · रविवार, दुपारी १:२०

माहेर शहापूर, आता पुण्यात ऑडिओचा कोड लिहिते. क्लिप ऐकली, स्पेक्ट्रमही बघितला. निपाणीकरांनी नाव बरोबर घेतलंय, उपाय मात्र अर्धाच सांगितलाय. आणि काकांचा ईक्यू का चालला नाही यातच सगळं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

तुझा पंचम २००० हर्ट्झच्या अगदी जवळ आहे. हिशोब सोपा व्हावा म्हणून बरोबर २००० धरू, आणि बासरीत मुळात असलेले दुसरे-तिसरे हार्मोनिक सध्या बाजूला ठेवू. वर-खाली सारखंच दाबणारं डिस्टॉर्शन विषम पटीतले हार्मोनिक तयार करतं: ६०००, १००००, १४०००, १८०००, २२०००. इथपर्यंत ठीक, ते तुझ्या सुराच्याच घरातले आहेत. पुढचा तेरावा, २६००० चा. पण ४४१०० च्या प्रोजेक्टमध्ये २२०५० च्या वरचं काही लिहिताच येत नाही. प्लगइननं आकडे तर काढलेले असतात, त्यामुळं तो हार्मोनिक नाहीसा होत नाही, भिंतीवर आपटून मागं येतो. ४४१०० मधून २६००० वजा कर, १८१०० उरतात. पंधरावा ३०००० चा, तो १४१०० वर पडतो. सतरावा १०१०० वर. एकोणिसावा ६१०० वर.

आता एकविसावा बघ. ४२०००, म्हणजे मागं येऊन २१००. आणि तेविसावा ४६०००, तो ४४१०० च्या पलीकडं गेला, १९०० वर येऊन बसतो.

तुझा सूर २०००, त्याच्या एका बाजूला १९०० आणि दुसऱ्या बाजूला २१००. दोन्ही शंभर हर्ट्झच्या अंतरावर. इतके जवळचे सूर कान वेगवेगळे ऐकत नाही, त्यांची एकमेकांवर होणारी थरथर ऐकतो, आणि सेकंदाला शंभर वेळा होणारी थरथर म्हणजेच तुझी वाळू. ती सुराच्या अंगालाच चिकटलेली आहे, म्हणून ८००० किंवा ५००० वर कापून जात नाही. कापायचं तर २००० च कापावं लागेल.

खालचे सूर का वाचतात? २५० हर्ट्झचा सूर घे. त्याचा भिंतीपलीकडं जाणारा पहिला विषम हार्मोनिक एकोणनव्वदावा. तिथपर्यंत पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. वरच्या सुराचा तेरावाच पलीकडं जातो, तेव्हा त्याच्या अंगात भरपूर ताकद असते.

---

पेटीमास्तर · रविवार, दुपारी ३:०२

खानापुरात पेटी शिकवतो. कॉम्प्युटरचं मला काही कळत नाही, पण क्लिप कानाला लावून चार वेळा ऐकली. पंचमाहून धैवताकडं मींड घेतलीय, त्यात बासरी वर चढते आणि तिच्याखालून एक बारीक शिट्टी खाली उतरते. कुठल्याच वाद्यात असं होत नाही. सूर चढला की त्याच्याबरोबरचं सगळं चढतं. हे मला भुताटकीसारखं वाटलं, म्हणून विचारतो.

---

शहापूरची लेक · रविवार, दुपारी ४:१०

मास्तर, स्पेक्ट्रम न बघता तुम्ही नेमकं धरलंत. एलियासिंग ओळखायची याहून पक्की खूण नाही.

सूर २००० वरून २०१० झाला असं समजा. एकविसावा हार्मोनिक २१ पटीनं सरकतो, ४२२१० होतो, आणि मागं येऊन १८९० वर पडतो. सूर १० चढला, सावली २१० उतरली. म्हणून मींडीत ती शिट्टी खाली पळते, आणि सुरापेक्षा कितीतरी वेगानं पळते. ४४१०० च्या पलीकडं गेलेले, उदाहरणार्थ तेविसावा, सुराच्याच दिशेनं जातात, पण २३ पट वेगानं. त्यामुळं बासरीच्या हलक्या कंपनातही खाली मुंग्यांची पळापळ होते.

आणि जांबोटीकर, मध्येच एका जागी खरखर नाहीशी होते म्हणालास ना? ती जागा २१०० च्या आसपास असणार. ४४१०० ला २१०० नं भाग दिला तर बरोबर २१ येतात. म्हणजे मागं येणारा प्रत्येक हार्मोनिक २१०० च्याच कुठल्यातरी पटीवर पडतो: एकोणिसावा ४२०० वर, सतरावा ८४०० वर. चुकीचा असूनही सुरात पडतो. कान फसतो, वाटतं सगळं ठीक आहे. सॅम्पल रेट ४८००० असता तर ही जागा दुसरीकडं गेली असती. म्हणून प्लगइन तपासताना एकच सूर लावून निकाल देऊ नये.

---

रेकॉर्डिंगवाले काका · रविवार, संध्याकाळी ६:४५

बरं, मान्य. पण मग माझ्या कॅसेट मशीनला हे का होत नव्हतं याचं उत्तर मिळालं नाही. ते तर आम्ही लाल दिवा लागेपर्यंत दाबत होतो.

---

शहापूरची लेक · रविवार, संध्याकाळी ७:३०

काका, त्या मशीनमध्ये भिंतच नव्हती. २६००० चा हार्मोनिक तयार झाला तर टेपनं किंवा हेडनं तो गिळला, नाहीतर तो वरच्या वर निघून गेला. मागं यायला त्याला कारण नव्हतं. सेकंदाला ठरावीक वेळाच मोजमाप घ्यायचं हे जिथं आलं तिथंच हे भूत आलं.

ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे भिंत लांब ढकलणं. ४ पट केलं की प्लगइनच्या पोटात तेवढ्यापुरता रेट १७६४०० होतो आणि भिंत ८८२०० वर जाते. तिथं डिस्टॉर्शन करायचं. २६०००, ३००००, ४२००० हे सगळे हार्मोनिक तिथं आपापल्या खऱ्या जागी बसतात. मग २०००० च्या वरचं सगळं फिल्टरनं कापून टाकायचं, आणि नंतरच रेट परत ४४१०० वर आणायचा. क्रम महत्त्वाचा आहे. तुम्ही सांगितलेला ईक्यू चुकीचा नव्हता, तो एक पायरी उशिरा आला. भूत मागं वळण्याआधी कापलं तर कापलं जातं.

निपाणीकर, तुमच्या ९६००० चंही हेच. त्यानं फरक पडतो, कारण भिंत ४८००० वर जाते, म्हणजे दोन पटीच्या आसपास. पण रेकॉर्डिंग कितीवर केलं याचा इथं संबंध नाही, डिस्टॉर्शन कितीवर चाललं याचा आहे. बासरी ४४१०० वरच राहू दे, परत वाजवायची गरज नाही.

---

निपाणी गिटार · रविवार, रात्री ९:१०

हे पटलं. पण मग ८ पटीला माझ्याकडं टकटक का वाढते?

---

शहापूरची लेक · रविवार, रात्री ९:२५

कारण लॅपटॉप वेळेत काम पुरं करू शकत नाही आणि मधले तुकडे गळतात. साधी परीक्षा: तोच भाग रेंडर करा आणि फाइल ऐका. टकटक गेली असेल तर तो प्रोसेसर होता. रेंडरला घाई नसते. शिवाय ती टकटक कुठल्याही सुरावर, कुठंही येते. एलियासिंग सुराला बांधलेलं असतं, तीच जागा परत वाजवली की तीच खरखर येते.

बऱ्याच प्लगइनमध्ये वाजवताना वेगळं आणि रेंडरला वेगळं ओव्हरसॅम्पलिंग ठेवता येतं. लाइव्ह वाजवणाऱ्यानं वाजवताना २ वर राहावं. फिल्टरमुळं थोडा उशीरही लागतो, आणि लिनियर फेज फिल्टर असेल तर तो जास्त. गिटारवाल्याच्या बोटांना तो कळतो. मिक्स करताना रीपर तो उशीर आपोआप भरून काढतो, म्हणून तिथं चिंता नाही.

---

जांबोटीकर · सोमवार, रात्री १०:५०

ताई, ४ केलं. पंख्याचा आवाज सहन केला. बराच फरक आहे, खरं पूर्ण गेलं नाही. ८ केलं, आणखी थोडं कमी झालं. जोरात फुंकलेल्या जागी अजून बारीक कचकच आहे. प्लगइनमध्ये शेवटी Clip नावाचं एक बटण आहे, ते चालू आहे. त्याचं काही असेल काय?

---

शहापूरची लेक · सोमवार, रात्री ११:३०

त्याचंच आहे! हे तू आधी सांगायला हवं होतंस.

टेपसारखं मऊ सॅच्युरेशन लहरीचं टोक गोल करतं. गोल वळणातून निघणारे हार्मोनिक फार लवकर दम तोडतात. हलक्या हातानं वापरलं तर तेराव्यापर्यंत पोचतच नाहीत म्हणायला हरकत नाही, आणि जरा जोरात दाबलं तरी २ पटीत काम होतं. क्लिपर मात्र टोक कापतो. जिथं कापतो तिथं कोपरा पडतो, आणि कोपऱ्यातून निघणारे हार्मोनिक लांबवर जातात. फार दाबलं तर लहर जवळजवळ चौकोनी होते. पूर्ण चौकोनी धरली तर एकविसावा हार्मोनिक मूळ सुराच्या एकविसाव्या भागाइतका, म्हणजे साधारण २६ डीबी खाली. बासरीसारख्या सोवळ्या आवाजात हे सरळ ऐकू येतं.

आता हिशोबातली वाईट बातमी. अशा चौकोनी लहरीला दर वेळी ओव्हरसॅम्पलिंग दुप्पट केलं की एलियासिंग फक्त ६ डीबीनं उतरतं. नुसता कोपरा असेल, म्हणजे टोक थोडंच कापलं असेल, तर १२ डीबीनं. १ वरून ८ म्हणजे तीन दुपटी. चौकोनीला १८ डीबी मिळाले, प्रोसेसरचं काम मात्र आठपट झालं. पुढं १६ आणि ३२ पट करत बसण्यापेक्षा Clip बंद कर. बासरीला क्लिपर कशाला हवा? तो ढोलकीला ठेव. तिथं ठोका क्षणभराचा असतो आणि आवाजातच गोंगाट भरलेला असतो, त्यात भूत सापडत नाही.

दुसरा मार्ग २०१६ मध्ये पार्कर, झावालिशिन आणि ल बिविक यांनी मांडला. त्यात वक्राचं सरळ मूल्य न घेता त्याच्या समाकलातून दोन सॅम्पलमधली सरासरी काढतात, आणि कोपरा तिथंच बोथट होतो. काही प्लगइनमध्ये हे आतून असतं, बाहेरून दिसत नाही. त्याला २ पटीची जोड दिली की क्लिपरही बराच सभ्य वागतो. वरच्या टोकाचा उजेड थोडा कमी होतो, तेवढी किंमत द्यावी लागते.

ज्यांना स्वतःच्या कानानं ऐकायचंय त्यांच्यासाठी हा छोटा तुकडा. रीपरमध्ये नवीन जेएस इफेक्ट उघडून चिकटवा. ५०० पासून ४००० हर्ट्झपर्यंत दहा सेकंदांत चढणारा सूर आहे, क्लिपरमधून काढलेला, ओव्हरसॅम्पलिंगशिवाय.

```
desc:alias test
slider1:24<0,36,1>drive dB
@init
p = 0; f = 500;
@slider
g = 10^(slider1/20);
@sample
f = f < 4000 ? f + 350/srate : 500;
p += 2*$pi*f/srate;
p > 2*$pi ? p -= 2*$pi;
s = max(-1, min(1, g*sin(p)));
spl0 = spl1 = s*0.2;
```

एकदा ४४१०० वर रेंडर करा, एकदा १७६४०० वर. रेंडरच्या खिडकीत मिक्सिंगसाठी प्रोजेक्टचाच रेट वापरायचा असा एक टिक असतो, तो काढा, नाहीतर दोन्ही फाइली सारख्याच निघतील. दुसरी फाइल ४४१०० च्या प्रोजेक्टमध्ये आणली की रीपर ती वरचं कापूनच खाली आणतो. दोन्ही ऐका, आणि कुठल्याही स्पेक्ट्रोग्राममध्ये बघा. पहिल्या फाइलीत चढणाऱ्या रेषांना छेद देत उतरणाऱ्या तिरक्या रेषांचं जाळं दिसेल. आवाज कमी ठेवून सुरू करा, हेडफोन असेल तर विशेष.

---

पेटीमास्तर · मंगळवार, सकाळी ६:४०

नातवानं लावून दिलं. पहिल्या फाइलीत सूर चढत असताना खाली दहा-बारा शिट्ट्या वर-खाली पळतात. दुसरीत नाहीत म्हणायच्या. नातू म्हणतो त्याला पहिलीच जास्त आवडली, जुन्या व्हिडिओ गेमसारखी वाटते.

---

कर्णा आणि मंडप · मंगळवार, सकाळी ९:१५

एवढं सगळं वाचलं. मग आमच्या अॅम्प्लिफायरमध्ये भिंत नाही म्हणता, तर चिरचिर कशाची? बाई एकट्या गातात तेव्हा कमी असते. मागं पेटी आणि कोरस सुरू झाला की जास्त.

---

शहापूरची लेक · मंगळवार, दुपारी १:०५

दादा, तुमच्याकडं अॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर ओढला जातोय. तिथं भिंत नाही, पण दोन सूर एकाच वेळी डिस्टॉर्शनमधून गेले की ते एकमेकांत गुंततात. १००० आणि १३०० चे दोन सूर एकत्र दाबले तर ७०० आणि १६०० असे सूर तयार होतात, जे कुणी गायलेले नसतात. बाई एकट्या असताना त्यांच्या आवाजाचे फक्त हार्मोनिक वाढतात, ते सुरात असतात. पेटी आली की गुंता सुरू. ओव्हरसॅम्पलिंग याचं काहीही करू शकत नाही, कारण हे डिस्टॉर्शनचं स्वतःचं काम आहे, कॉम्प्युटरचं पाप नाही. आवाज थोडा उतरवा, किंवा जास्त ताकदीचा अॅम्प्लिफायर घ्या.

आणि जांबोटीकर, म्हणून तुलाही विचारते: सॅच्युरेशन फक्त बासरीच्या ट्रॅकवर आहे की सगळ्या मिक्सवरही?

---

जांबोटीकर · मंगळवार, रात्री ११:२०

पकडलंत. मास्टरवर पण त्याच प्लगइनची दुसरी प्रत आहे, हलकी ठेवलेली. बासरी सोलो केली की आता एकदम स्वच्छ. Clip बंद, ४ पट. खरं पूर्ण मिक्समध्ये पेटीचा सूर लांबलेला असताना पंचमाखाली थोडं घोगरं वाटतं. मास्टरवरचा ८ केला तरी तेवढंच.

---

शहापूरची लेक · बुधवार, सकाळी ८:५०

४ आणि ८ मध्ये तेवढंच राहिलं म्हणजे ते एलियासिंग नव्हे. पेटी आणि बासरी एकमेकांत गुंतताहेत. मास्टरवरचा काढ आणि पाहिजे तिथं एकेका ट्रॅकवर लाव. कुठला दोष आहे हे ठरवायचं असेल तर हीच कसोटी वापर: ओव्हरसॅम्पलिंग वाढवल्यावर जे बदलतं ते एलियासिंग, बदलत नाही ते दुसरं काही.

---

रेकॉर्डिंगवाले काका · बुधवार, सकाळी ११:३०

मी काल रात्री बसून एकच फाइल ४ पट आणि १६ पट करून एकातून दुसरी वजा केली. ताई म्हणतात तसं मऊ सॅच्युरेशनच होतं. तरी अगदी शून्य आलं नाही, वरच्या टोकाला पातळ हिसहिस उरली. म्हणजे ४ मध्ये अजून भूत आहे ना?

---

शहापूरची लेक · बुधवार, दुपारी २:४०

काका, वजाबाकी छान केलीत, पण उरलेलं सगळं भूत नसतं. ४ आणि १६ पटीचे फिल्टर वेगळे असतात. मिनिमम फेजचे असतील तर १५००० च्या वर सूर किंचित इकडंतिकडं सरकतात, आणि तेही वजाबाकीत उरतं. उरलेल्या हिसहिशीत बासरीचीच चाल ऐकू येत असेल तर फिल्टरचा फरक. सुराच्या उलट पळणारं काही असेल तर एलियासिंग.

---

रेकॉर्डिंगवाले काका · बुधवार, रात्री ८:१५

चाल बासरीचीच आहे. पण एक सांगतो, आणि यावर मी हटणार नाही: ओव्हरसॅम्पलिंग लावल्यावर पखवाजाच्या टाळीवरचा करकरीतपणा थोडा जातो. बंद केलं की परत येतो. तीनदा ऐकलं.

---

निपाणी गिटार · बुधवार, रात्री ८:४०

काका, मलापण गिटारवर असंच वाटतं. बंद असताना जरा धारदार.

---

शहापूरची लेक · बुधवार, रात्री १०:०५

असू शकतं. ती धार म्हणजे अंशतः एलियासिंगच असेल, मागं आलेले हार्मोनिक ठोक्यात उजेड भरतात. किंवा लिनियर फेज फिल्टरमुळं ठोक्याच्या आधी बारीक कंप येतो आणि टोक बोथट वाटतं. दोन्ही कारणं शक्य आहेत. कुठलं बटण चालू आहे हे न बघता, दुसऱ्या कुणालातरी बदलायला सांगून ऐकलंत काय? पखवाजावर तुम्हाला बंदच आवडत असेल तर बंद ठेवा, तिथं सुराला अडचण नाही.

---

रेकॉर्डिंगवाले काका · बुधवार, रात्री १०:२०

बायकोला बसवतो उद्या बटणावर.

---

जांबोटीकर · शुक्रवार, रात्री ९:५५

मास्टरवरचं काढलं, बासरीवर ४ पट, पेटीवर २ पट. घोगरेपणा गेला. बासरीवाल्या पोराला ऐकवलं, तो म्हणाला, "बघ, फुंक बरोबर होती."

आता एकच अडकलंय. तिसऱ्या अभंगाची बासरी आम्ही गेल्या वर्षी दुसरीकडं रेकॉर्ड करून आणली होती. तिथल्या माणसानं सॅच्युरेशन लावूनच फाइल दिली, साधी फाइल त्यानं ठेवली नाही. त्यात तीच वाळू आहे. त्या फाइलवर मी ८ पटीचा प्लगइन लावला, काही फरक पडत नाही.

---

शहापूरची लेक · शुक्रवार, रात्री १०:३०

पडणार नाही. ती वाळू आता त्या फाइलीत सूर म्हणूनच लिहिली गेली आहे. प्लगइनला १९०० आणि २१०० हे बासरीचे आहेत की भुताचे, हे कळायला मार्ग नाही. लांब, स्थिर सुराच्या जागी अरुंद ईक्यूनं दोन्ही बाजू थोड्या दाबून बघ, मींडीत ते जमणार नाही. त्या मींडीपुरती बासरी परत वाजवून घेता येईल काय?

---

जांबोटीकर · शुक्रवार, रात्री १०:४८

पोरगा आता कामाला गोव्यात असतो. गणपतीला येतो म्हणालाय.